पाचपट कशाची?

[ड्रोन: सिन्नर तालुक्यातून जाणारा समृद्धी महामार्ग, दोन्ही बाजूंना कांद्याची शेतं]

मुंबई ते नागपूर, ७०१ किलोमीटर. दहा जिल्ह्यांतली जमीन या रस्त्याखाली गेली. सरकारने आधी भूसंचय योजना मांडली होती. जमीन द्या, बदल्यात विकसित भूखंड घ्या आणि काही वर्षं ठरावीक रक्कम. शिवडे गावासारख्या ठिकाणी लोकांनी मोजणीच अडवली. पिकती जमीन देऊन प्लॉट कोण घेणार? २०१७ मध्ये थेट खरेदीचा पर्याय पुढे आला आणि गावोगाव एकच शब्द फिरू लागला, पाचपट.

[जवळून: शेतकऱ्याच्या हातातली प्लास्टिकची पिशवी. सातबारा, आठ अ, मोजणीचा नकाशा]

पाचपट म्हणजे काय, हे या पिशवीतल्या कागदांवरच समजून घेऊ. समजा, एक हेक्टर जिरायत आहे आणि तिचा मूळ दर बारा लाख धरला. ग्रामीण भागासाठी गुणक दोन, म्हणून झाले चोवीस. त्यावर जमीन गेल्याबद्दल तेवढीच दिलासा रक्कम, म्हणजे अठ्ठेचाळीस. आणि संमतीने खरेदीखत करून दिलं तर वर पंचवीस टक्के. साठ लाख.

गुणक सरकारचा, दिलासा कायद्याचा, पंचवीस टक्केही ठरलेले. यातल्या कशावरही घासाघीस होत नाही. मग वाटाघाटी कशावर? त्या पहिल्या बारा लाखांवर. तिथे एक रुपया वाढला की शेवटी पाच वाढतात.

[तलाठी कार्यालयाचा व्हरांडा, जुने बांधीव दप्तर]

मूळ दर काढताना रेडीरेकनर पाहतात आणि परिसरातली मागच्या तीन वर्षांची खरेदीखतंही पाहतात. त्यातल्या चढ्या किमतीच्या निम्म्या व्यवहारांची सरासरी काढतात, आणि जो आकडा जास्त तो धरतात. ऐकायला रास्त वाटतं. पण आपल्याकडे मुद्रांक शुल्क वाचवायला खत कमी किमतीचं करायची जुनी सवय. वर दिलेली रोकड कुठल्याच कागदावर नसते. आज दर कमी का, म्हणून अधिकाऱ्याशी भांडणाऱ्या गावाला आपल्याच सह्यांची खतं समोर ठेवून उत्तर मिळतं.

दुसरी गोम पीकपाहणीची. शेतात बारमाही पाणी आहे, पण सातबाऱ्यावर विहिरीची नोंद नाही आणि पिकाच्या रकान्यात वर्षानुवर्षं बाजरीच. मग जमीन जिरायत धरली जाते. ही दुरुस्ती भूसंपादनाची अधिसूचना निघायच्या आधी करून घ्यावी लागते. नंतर केलेल्या नोंदीकडे संशयानेच बघतात, आणि त्यात त्यांचंही फारसं चुकत नाही.

[संयुक्त मोजणी: भूकरमापक, कृषी सहायक, चुन्याची रेघ. मग कुदळ]

हा दिवस सगळ्यात महत्त्वाचा. भूमी अभिलेख, महसूल, कृषी, बांधकाम अशा खात्यांची माणसं एकत्र शेतात येतात. आंबे किती, डाळिंबं किती, त्यांचं वय काय, विहीर किती खोल, बांधीव की कच्ची, सगळं याच दिवशी लिहिलं जातं.

कुदळ कशासाठी, ते बघा. विहीर रस्त्याच्या या अंगाला, मळा त्या अंगाला. मधली पाइपलाइन जमिनीखाली आहे, म्हणजे डोळ्यांना दिसत नाही, म्हणजे यादीत नाही. म्हणून तीन जागी खणून पाइप उघडा केला, व्यास मोजायला लावला, आणि मगच पंचनाम्यावर सही. राहिलेल्या गोष्टींचा लेखी अर्ज त्याच आठवड्यात दिला आणि त्याची पोच घेतली. झाडं, विहीर, पाइपलाइन यांना गुणक लागत नाही, पण दिलासा आणि पंचवीस टक्के धरून मूल्यांकनाच्या अडीचपट रक्कम होते. चार लाखांची विहीर सुटली तर दहा लाख गेले.

[दुय्यम निबंधक कार्यालय, अंगठा, फोटो, बाकावर बसलेल्या बहिणी]

दर मंजूर करते जिल्हाधिकाऱ्यांची समिती. त्यानंतर सहहिस्सेदारांची संमती लागते. सातबाऱ्यावर बहिणींची नावं असली तर त्यांच्या सह्यांशिवाय खरेदीखत होत नाही. कित्येक घरांत भावाबहिणींची हिश्शाची बोलणी पहिल्यांदा या बाकावर झाली.

[महामार्गावरून धावणाऱ्या गाड्या]

ज्यांनी संमती दिली नाही, त्यांची जमीन सक्तीच्या संपादनात गेली आणि वरचे पंचवीस टक्केही गेले. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला, जून २०२५ मध्ये शेवटचा.

[दुसऱ्या एका रस्त्याच्या आखणीचे दगड, उसाचा फड]

समृद्धीची पाचपट डोक्यात ठेवून राष्ट्रीय महामार्गाच्या सुनावणीला जाणाऱ्यांनी एक गोष्ट पाहून घ्यावी. ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्याने राष्ट्रीय महामार्गांसाठी ग्रामीण भागातला गुणक एकवर आणला. त्या हिशेबाने बारा लाखांचे दिलासा धरून चोवीसच होतात. मूळ दर तोच, शेतही तसंच, रस्ता फक्त दुसऱ्या खात्याचा.