सहल त्यांनी रद्द केली, मग फॉर्मवर सही तुमची का?

श्रोतेहो, नमस्कार. समजा, देवगडच्या एका जोडप्याने राजस्थानची सहल ठरवली. माणशी 42 हजार, दोघांचे 84 हजार. त्यातले 20 हजार गावातल्या एजंटाकडे भरले, बाकीचे मुंबईच्या कंपनीच्या खात्यात. निघायला आठवडा उरला आणि एजंटाचा फोन आला, "काका, माणसं जमली नाहीत, टूर रद्द झाली. येऊन एक फॉर्म भरा, मग पैशांचं बघू."

तो फॉर्म शांतपणे वाचा. त्यावर बहुतेक वेळा छापलेलं असतं, 'मी माझे बुकिंग रद्द करत आहे.' बुकिंगच्या अटींत पैसे कापण्याचा तक्ता असतो. शेवटच्या पंधरा दिवसांत रद्द केल्यास निम्मी रक्कम कापू, असं काहीतरी. हा तक्ता प्रवाशाने माघार घेतली तर लावायचा. इथे माघार कंपनीची आहे. पण काकांनी सही केली, की कागदावर माघार त्यांची होते आणि 42 हजारांवर पाणी सोडावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवर 'ठीक आहे, कॅन्सल करा' असं लिहिणंही त्याच जातीचं.

म्हणून आधी एजंटाकडून लेखी घ्या, सहल कंपनीने रद्द केली. तो देत नसेल, तर तुम्हीच मेसेज टाका, 'आज आपण फोनवर कळवलंत, की कंपनीने सहल रद्द केली. आमचे पूर्ण 84 हजार परत करा.' मग हेच पत्र स्पीड पोस्टाने एजंट आणि कंपनी, दोघांनाही पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या. दोघांना अशासाठी, की नाहीतर हा त्याच्याकडे बोट दाखवतो आणि तो ह्याच्याकडे. मुंबई गाठण्यासाठी कणकवलीहून काढलेलं रेल्वेचं तिकीट रद्द करताना पैसे कापले गेले असतील, तर तेही मागा, पावती जोडून.

'पुढच्या वर्षी हीच रक्कम वापरा' म्हणून क्रेडिट नोट पुढे करतील. पटली तर घ्या, पण सक्ती नाही. माझं मत विचाराल तर रोख मागा, कारण पुढच्या वर्षीचा दर त्यांच्याच हातात असतो.

पैसे नाहीच आले, तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. ती कंपनीशी बोलते, हुकूम मात्र देऊ शकत नाही. हुकूम देतो जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, मुंबईला खेटे घालायला नकोत. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. 'गणपतीनंतर देतो', 'शिमग्यानंतर देतो' असे वायदे चालू असताना ही दोन वर्षं थांबून राहत नाहीत.