नवमीचा अपुरा डाव

श्रोतेहो, नमस्कार. कल्पित देशाची कादंबरी लिहिणाऱ्याला त्या देशाचा एखादा खेळ रचायचा असेल, तर त्याचे नियम, साहित्य आणि त्यातले हाडवैर कोठून आणावे, याविषयी आज बोलायचे आहे. माझ्या कादंबरीतल्या देशाचे नाव वेळाई. तेथे एका खाडीच्या दोन काठांवर अलाड आणि पलाड अशी दोन गावे आहेत, आणि ‘मेखपाणी’ हा खेळ त्या गावांचा सण आहे, न्यायसभा आहे आणि भांडणही आहे.

साहित्यापासून सुरुवात करतो, कारण ते सर्वांत सोपे आहे. खेळाचे साहित्य त्या लोकांच्या घरात आधीपासून पडून असलेले असावे. खाडीकाठच्या गरीब माणसांजवळ चामड्याचा शिवलेला चेंडू कोठून येणार? त्यांच्याजवळ सुका भोपळा असतो. आपल्याकडेही पूर्वी मुले कमरेला भोपळा बांधूनच पोहायला शिकत. म्हणून मेखपाणीचा चेंडू म्हणजे डिंकाने तोंड बंद केलेला सुका भोपळा. तो हलका असतो, पाण्यात बुडत नाही, त्यामुळे कोणाला तो पाण्याखाली लपवता येत नाही, आणि आपटला तर फुटतो, म्हणून तो फेकण्यापेक्षा उराशी धरून पळणेच शहाणपणाचे ठरते. म्हणजे भोपळा लपवू नये किंवा फेकू नये, असे दोन नियम मला लिहावेच लागले नाहीत; ते भोपळ्यानेच लिहिले. साहित्य नीट निवडले की नियम कमी लागतात, एवढे लक्षात असू द्यावे.

आता घड्याळ. वेळाईत घड्याळे नाहीत, म्हणून खेळाची वेळ भरतीने मोजायची असे मी ठरवले. पुळणीवर, पाण्याकडून वर चढत जाणाऱ्या एका रेषेत, तीन मेखा ठोकायच्या. चढते पाणी पहिल्या मेखेला लागले की खेळ सुरू होतो आणि तिसरीला लागले की संपतो. यात एक गंमत आपोआप येते. भरतीचे पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले, तर ढोबळमानाने पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात पुन्हा दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे मैदान आधी सावकाश, मग झपाट्याने आणि अखेरीस पुन्हा सावकाश आक्रसत जाते. निर्जीव आखलेल्या मैदानाला ही लय कधीच साधत नाही. (आजच्या सामन्यांत दर पाच मिनिटांनी वाजणाऱ्या कर्कश भोंग्यांविषयी माझे मत फारसे चांगले नाही, पण ते असो.)

उरलेले नियम थोडके होते. प्रत्येक बाजूला सात गडी. पुळणीच्या दोन टोकांना दोन वर्तुळे, तीच दोन्ही बाजूंची घरे. भोपळा प्रतिपक्षाच्या घरात नेऊन टेकवला की एक गुण. भोपळा घेऊन पळणाऱ्याला प्रतिपक्षाचा हात लागला, तर त्याने भोपळा जागेवर सोडायचा. स्वतःच्या घरात असलेल्याला मात्र कोणी शिवायचे नाही, कारण घर म्हणजे घर. कागदावर हे सगळे मला फार सुंदर वाटले होते.

श्रोतेहो, कागदावरचा खेळ हा खेळ नसतो. हे मी माझ्या अकरा वर्षांच्या भाचीकडून शिकलो, आणि तो प्रसंग सांगितल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही.

मे महिन्याची सुट्टी होती. आजोळी, खाडीच्या तोंडाशी असलेल्या आमच्या वाडीत, मावसभाऊ, त्यांची मुले आणि शेजारची पोरे मिळून चौदा गडी जमले. मी पंच. दुपारच्या ओहोटीला मी मोठ्या थाटात पुळणीवर गेलो, पहिली मेख पाण्यापासून थोडी वर ठोकली, दुसरी मधोमध ठोकली, आणि तिसरी जेथे वाळक्या काटक्यांची व शेवाळाची रेघ उमटलेली होती तेथे ठोकली. ती रेघ म्हणजे भरतीची सीमा, असा माझा समज. शेजारचे कोळीकाका होडीला टेकून बिडी ओढत हे पाहत होते. ते एवढेच म्हणाले, “भाऊ, आज तिथी कोणती?” मी म्हणालो, “नवमी असावी.” त्यांनी मान हलवली आणि ते गप्प राहिले. त्यांचे ते गप्प राहणे मला तेव्हा कळले नाही.

पाणी पहिल्या मेखेला लागले आणि खेळ सुरू झाला. पहिला तासभर तो इतका रंगला की आपण जगाला एक नवा खेळ दिला, असे मला वाटू लागले. पोरे चिखलात लोळत होती, भोपळा या हातातून त्या हातात जात होता, गुण तीन-तीन झाले. मग पाणी झपाट्याने चढू लागले, पळायची जागा अरुंद झाली आणि माझ्या भाचीने चौथा गुण मिळवला. पुन्हा खेळ सुरू होताच तिने सुटा भोपळा उचलला, शांतपणे स्वतःच्या घरात नेला आणि ती त्याला मिठी मारून वर्तुळाच्या मध्यावर मांडी घालून बसली.

प्रतिपक्षाचे सातही गडी वर्तुळाभोवती उभे राहिले. कोणालाही तिला शिवता येईना. मी म्हणालो, “अगं, खेळ की!” ती म्हणाली, “मामा, खेळतेच आहे. आम्ही एका गुणाने पुढे आहोत आणि घरात शिवायचं नाही असं तूच सांगितलंस. आता पाणी तिसऱ्या मेखेला लागेपर्यंत मी इथेच बसणार.” नियमांत तिला उठवण्याजोगे एक अक्षरही नव्हते. घर सुरक्षित आहे हा नियम निर्दोष होता, आणि शेवटी ज्याचे गुण जास्त तो विजयी हाही निर्दोष होता. दोन निर्दोष नियमांच्या सांध्यात ती बसलेली होती.

बरे, पाणी तरी लवकर यावे! साडेपाच झाले, सहा झाले. पाणी दुसरी मेख ओलांडून चार हात पुढे आले आणि मंदावले. पावणेसात वाजता ते थांबले, आणि सात वाजून गेल्यावर चक्क मागे फिरू लागले. तिसरी मेख कोरडीच. तेव्हा कोळीकाकांनी बिडी विझवली आणि म्हणाले, “ती रेघ अमावास्येच्या उधाणाची, भाऊ. नवमीला भांग असतो, पाणी कमीच चढतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. नऊची पाऊणपट पावणेसात. त्या वेळेला पाणी भरलं. पण एवढंच भरणार होतं. तुमच्या मेखेला पाणी लागायचं तर पौर्णिमा यायला हवी.” म्हणजे खेळ संपणेच शक्य नव्हते. अंधार पडला, माजघरातून जेवणाच्या हाका आल्या, तरी भाची उठेना, कारण खेळ संपलेला नाही हे तिचे म्हणणे नियमानुसार बरोबर होते. शेवटी तिची आजी स्वतः पुळणीवर आली आणि तिने भोपळ्यासकट तिला उचलून नेले.

या प्रसंगातून दोन दुरुस्त्या निघाल्या. पहिली रडीच्या डावाविषयीची. भाचीने जे केले, ते मोठमोठ्यांनी केलेले आहे. 22 नोव्हेंबर 1950 रोजी अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या व्यावसायिक सामन्यात फोर्ट वेनच्या संघाने मिनियापोलिसच्या धिप्पाड खेळाडूंपुढे चेंडू नुसता हातात धरून ठेवला आणि 19 विरुद्ध 18 असा सामना जिंकला. पुढे 1954 मध्ये तेथे नियम आला की 24 सेकंदांत चेंडू बास्केटकडे फेकलाच पाहिजे. आकडाही हवेतून काढलेला नव्हता: 48 मिनिटांचे 2880 सेकंद, आणि चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण 120 वेळा चेंडू फेकतात, म्हणून भागाकार 24.

वेळाईत सेकंद नाहीत. मग मला आपल्या कबड्डीची आठवण झाली. आता चढाईला 30 सेकंदांची मर्यादा असली, तरी खेळाडूचा दम हेच तिचे मूळ घड्याळ. म्हणून मी नियम केला की भोपळा घेतलेल्याने, घरात असो वा बाहेर, एका श्वासात आपल्या पूर्वजांची नावे मोठ्याने म्हणत राहायचे. दम तुटला, नाव दुसऱ्यांदा आले किंवा नावे संपली की भोपळा जागेवर सोडायचा. दुसऱ्या दिवशी हे खेळून पाहिले तेव्हा कोणालाही वीस सेकंदांच्या पुढे भोपळा ठेवता आला नाही. आणि पाहा, नियम दुरुस्त करता करता समाजच दिसू लागला. जुन्या घराण्यांतल्या पोरांना पंधरा नावे पाठ, तर काल गावात वस्तीला आलेल्याला बापाचे आणि आज्याचे अशी दोनच. खोटे पूर्वज घुसडणारे निघणार, म्हणून पंच हा वंशावळ्या ठेवणारा म्हातारा असणार, आणि त्याला लाच देणारेही असणार. (हॅरी पॉटरच्या कादंबऱ्यांतल्या, झाडूवर बसून खेळायच्या क्विडिच या खेळात एक सोनेरी चेंडू पकडला की 150 गुण मिळतात आणि खेळ संपतो, तर एका गोलाला अवघे 10. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या विद्यार्थ्यांनी 2005 मध्ये तो जमिनीवर खेळायला घेतला, तेव्हा त्या पकडीचे मोल 30 वर आणावे लागले. नायकाच्या सोयीसाठी केलेला नियम इतर सर्व गड्यांना निरुपयोगी करतो, हे माझे जुने मत आहे.)

दुसरी दुरुस्ती तिथीची. मेखपाणी फक्त पौर्णिमेला आणि अमावास्येला खेळायचे, कारण तेव्हाच उधाण असते. पणाला काय लावायचे, ते गोव्याने सुचवले. तेथील खाजण शेतात भरतीचे पाणी अडवणाऱ्या दाराला मानस म्हणतात आणि त्या दाराशी मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव होतो. वेळाईत लिलाव नाही. जिंकणाऱ्या गावाला पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे साधारण पंधरा दिवस, दाराशी जाळे लावण्याचा हक्क मिळतो. वैर निव्वळ द्वेषाने टिकत नाही, श्रोतेहो. दर पंधरा दिवसांनी ताटात मासा असणार की नुसती आमटी, यावर ते टिकते.

पण वैराचे मूळ काय, हे मला बरेच दिवस सुचत नव्हते. ते शेवटी त्या कोरड्या मेखेपाशी सापडले. कादंबरीत असे आहे की फार पूर्वी एका नवमीला दोन्ही गावांनी उतावीळपणे डाव मांडला, अलाड चार विरुद्ध तीन असे पुढे होते, आणि पाणी तिसऱ्या मेखेला लागलेच नाही. अलाडचे लोक म्हणतात, आम्ही जिंकलो. पलाडचे म्हणतात, डाव अजून चालू आहे. तेव्हापासूनचा प्रत्येक विजय पलाडला तात्पुरता वाटतो, आणि अलाडच्या देवळात तो भोपळा टांगलेला असून त्याच्याखाली पाळीपाळीने कोणीतरी बसलेले असते.

आजोळच्या माळ्यावर आमचाही भोपळा आहे. गेल्या सुट्टीत त्याची धूळ झटकावी म्हणून मी शिडी लावली, तर खालून भाची ओरडली, “मामा, हात लावू नकोस, मी अजून घरात आहे!” नमस्कार.