पस्तीस जागा

श्रोतेहो, नमस्कार.

नोव्हेंबर 1919. इटलीतल्या मिलान शहरातून समाजवादी कार्यकर्ते एक खोटी तिरडी मिरवत निघाले होते. तिरडी होती बेनितो मुसोलिनीच्या राजकारणाची. त्याच वर्षी मार्चमध्ये मिलानच्या सान सेपोल्क्रो चौकात त्याने आपली फॅसिस्ट संघटना उभी केली होती, आणि पहिल्याच निवडणुकीत मिलानमध्ये तिला पाच हजार मतंसुद्धा पडली नाहीत. जागा एकही नाही. समाजवाद्यांनी मात्र देशभरात 156 जागा जिंकल्या होत्या. त्यांनी तिरडी काढली यात नवल नव्हतं. मग तीनच वर्षांत हा माणूस पंतप्रधान कसा झाला?

उत्तर शोधायला मिलान सोडून पो नदीच्या खोऱ्यात, बोलोन्या आणि फेरारा भागात जावं लागतं. तिथे मोठ्या जमिनी आणि हजारो भूमिहीन शेतमजूर. युद्धानंतर या मजुरांचे संघ फार बळकट झाले होते. जमीनदाराने किती मजूर ठेवायचे हे संघ ठरवायचे, आणि मजूर घ्यायचे तेही संघाच्या यादीतूनच. जो जमीनदार ऐकणार नाही त्याचं पीक सुगीत शेतात उभंच राहायचं. यात छोट्या शेतकऱ्यांवर आणि बटाईदारांवरही जबरदस्ती व्हायची, आणि तो राग पुढे फॅसिस्टांच्या कामी आला.

1920च्या शरद ऋतूत अनेक नगरपालिकाही समाजवाद्यांकडे गेल्या. 21 नोव्हेंबरला बोलोन्याच्या नगरभवनात नव्या महापौरांच्या पहिल्या सभेच्या दिवशी फॅसिस्ट चालून आले. गोळीबार झाला, माणसं मेली. त्यानंतर जमीनदारांचा पैसा फॅसिस्ट टोळ्यांकडे वाहू लागला. काळे शर्ट घातलेली पोरं रात्री ट्रकमधून गावात उतरायची. संघाचं कार्यालय जाळायचं, पुढाऱ्याला घराबाहेर ओढून सोट्याने बडवायचं, जबरदस्तीने एरंडेल पाजायचं आणि निघून जायचं. फेरारात या टोळ्यांचा म्होरक्या होता इटालो बाल्बो, जेमतेम पंचविशीचा. संघ मोडले की मजुरांपुढे एकच वाट उरायची: काम हवं तर फॅसिस्टांच्या संघात या.

पोलीस काय करत होते? बहुतेक ठिकाणी बघत होते. काही ठिकाणी तर लष्कराच्याच बंदुका आणि ट्रक टोळ्यांना मिळत होते. अपवाद सांगतो. जुलै 1921मध्ये सारझाना गावावर सुमारे पाचशे फॅसिस्ट चालून गेले. स्टेशनाबाहेर मूठभर काराबिनिएरी, म्हणजे तिथले सशस्त्र पोलीस, उभे होते. त्यांनी गोळ्या झाडल्या, आणि ते पाचशे जण वाट फुटेल तिकडे पळाले. शासनाने एकदा हात उचलला की काय होतं, ते त्या दिवशी दिसलं. पण तो हात पुन्हा तसा फारसा उठला नाही.

कारण रोममध्ये वेगळाच हिशेब चालला होता. पंतप्रधान जोलित्ती, सत्तरी ओलांडलेले, मुरलेले राजकारणी. समाजवाद्यांना वेसण घालायला मे 1921च्या निवडणुकीत त्यांनी फॅसिस्टांना सरकारी आघाडीच्या यादीत घेतलं. संसदेत आले की ही पोरं निवळतील, असा त्यांचा होरा होता. दीड वर्षापूर्वी शून्य असलेल्या पक्षाला 35 जागा मिळाल्या, आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे प्रतिष्ठा. मारहाण मात्र थांबली नाही.

ऑक्टोबर 1922च्या अखेरीस हजारो काळे शर्टवाले सत्तेसाठी मोर्चा काढून रोमच्या वेशीजवळ जमले. पावसात भिजलेले, अनेकांकडे धड बंदूकही नाही. शहरात लष्कर सज्ज होतं. 28 तारखेच्या पहाटे पंतप्रधान फाक्ता यांच्या मंत्रिमंडळाने लष्करी कायदा पुकारायचं ठरवलं. हुकूम छापूनही झाला. राजे व्हिक्टर इमॅन्युएल तिसरे यांनी सही नाकारली. लष्कर आदेश पाळेल का अशी शंका, की गादीची काळजी, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. मला वाटतं, राजाला फॅसिस्टांपेक्षा रक्तपाताची जोखीम मोठी वाटली असावी.

मुसोलिनी त्या मोर्चात चाललाच नाही. तो मिलानमध्येच थांबला होता. बिघडलं असतं तर स्वित्झर्लंडची हद्द जवळ होती. राजाचं बोलावणं आलं तेव्हा तो रात्रीच्या गाडीत झोपायच्या डब्यात बसला आणि 30 तारखेला सकाळी रोमला उतरला. मोर्चेकऱ्यांना शहरात संचलनाची परवानगी मिळाली ती त्यानंतर.

त्याच्या मंत्रिमंडळात फॅसिस्ट मोजकेच होते. बाकी उदारमतवादी, राष्ट्रवादी, कॅथलिक लोकांचा पॉप्युलर पक्ष, युद्धखातं पाहायला सेनापती दियाझ. 16 नोव्हेंबरला मुसोलिनी संसदेत उभा राहिला आणि म्हणाला, मनात आणलं असतं तर या सभागृहाची माझ्या टोळ्यांसाठी छावणी करून टाकली असती. इतका अपमान ऐकूनही सभागृहाने विश्वासाचं मतदान केलं: 306 बाजूने, 116 विरुद्ध. त्या 306 मतांत फॅसिस्टांची स्वतःची होती पस्तीसच्या आसपास. बाकीच्यांत जोलित्तींचं एक मत होतं.