भिंत जाड, पण ईसीजीच्या लहरी लहान

श्रोतेहो, नमस्कार.

सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या टूडी एकोत 'हृदयाची भिंत जाड' असं आलं की घरचे आणि आम्ही डॉक्टरही चटकन म्हणतो, 'बीपीमुळे असेल.' बहुतेकदा ते खरंही असतं. पण काही वेळा ती जाडी स्नायूची नसतेच. अशा एका आजाराबद्दल आज बोलायचं आहे. त्याचं नाव हृदयाचा अमायलॉइडोसिस.

आपलं यकृत ट्रान्सथायरेटिन नावाचं एक प्रथिन बनवतं. थायरॉइडचं संप्रेरक आणि अ जीवनसत्त्व रक्तातून वाहून नेण्यात त्याचा वाटा असतो. चार सारखे भाग जुळून ते तयार होतं. उतारवयात काही जणांमध्ये हे भाग सुटे होतात, त्यांची घडी बिघडते आणि त्यांचे चिवट धागे बनून हृदयाच्या स्नायूपेशींच्या मधल्या जागेत साचत राहतात. हे पुरुषांमध्ये जास्त दिसतं. भिंत फुगते, पण तिची ताकद वाढत नाही. ती ताठर होते. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदयानं सैल होऊन रक्त भरून घ्यायचं असतं, तेच नीट होत नाही.

अनेक रुग्णांमध्ये दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून एक काका डोळ्यांसमोर आणू. वय ७६. वर्षभरापासून जिना चढताना धाप लागते, संध्याकाळी पाय सुजतात. एकोमध्ये भिंतीची जाडी १६ मिलिमीटर. एरवी ती १० ते ११पर्यंत असते. पंपिंग मात्र ५५ टक्के. घरचे म्हणतात, पंपिंग चांगलं आहे, मग काकांना दम का लागतो? कारण हृदयात मुळात रक्तच कमी भरतं. त्यातलं निम्म्याहून जास्त बाहेर गेलं, तरी शरीराच्या वाट्याला थोडंच येतं.

आता काकांचा ईसीजी एकोशेजारी ठेवून पाहा. बीपीमुळे स्नायू खरोखर वाढला असेल तर ईसीजीच्या लहरी सहसा उंच होतात. इथे भिंत जाड आणि लहरी लहान. वीज स्नायू निर्माण करतो, साचलेले धागे नाही. ही विसंगती दिसली की माझा संशय बळावतो. मात्र लहरी नेहमीच्या उंचीच्या आहेत म्हणून हा आजार नाहीच, असं म्हणता येत नाही. अनेकांच्या लहरी तशाच राहतात.

मग मी काकांचे हात पाहतो. दोन्ही मनगटांवर जुन्या शस्त्रक्रियेच्या खुणा. सात-आठ वर्षांपूर्वी रात्री बोटांना मुंग्या यायच्या, तेव्हा दबलेली नस मोकळी केली होती. हेच धागे मनगटातही साचतात, आणि हृदयाच्या तक्रारी सुरू होण्याच्या कित्येक वर्षं आधी. 'बीपीच्या गोळ्या किती?' असं विचारलं की काकू सांगतात, 'पूर्वी दोन होत्या, आता चक्कर येते म्हणून बंद केल्या.' आपोआप उतरलेलं बीपी घरच्यांना चांगलं लक्षण वाटतं. इथे तोही एक धागादोरा असतो.

पुढच्या तपासणीत एक चूक महागात पडते. टेक्नेशियम पायरोफॉस्फेटचा स्कॅन करतात. हे औषध मूळचं हाडांच्या स्कॅनचं, पण या आजारात ते हृदयाच्या स्नायूत ठळक उमटतं. स्कॅन उजळला की निदान झालं, असं वाटतं. पण अस्थिमज्जेतल्या पेशी लाइट चेन नावाचं वेगळंच प्रथिन बनवतात, त्याचाही अमायलॉइडोसिस होतो आणि त्यातही स्कॅन कधीकधी उजळतो. तो प्रकार फार झपाट्यानं वाढतो, त्याला वेळ न घालवता केमोथेरपीसारखे उपचार लागतात. म्हणून लाइट चेनसाठी रक्ताच्या आणि लघवीच्या तपासण्या झाल्याच पाहिजेत. त्यांत दोष निघाला तर स्कॅनवर विसंबायचं नाही. रक्तविकारतज्ज्ञांना लगेच दाखवायचं, आणि बहुधा तुकडा काढून तपासावा लागतो.

काकांच्या या तपासण्या निर्दोष आल्या, स्कॅन उजळला. आता उपचार. सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी, रोज सकाळी वजन पाहून बेतलेली. जास्त झाली तर बीपी कोसळतं. ठोके मंद करणाऱ्या गोळ्या अशा हृदयाला अनेकदा सोसत नाहीत, कारण प्रत्येक ठोक्याला रक्त कमी जात असल्यानं त्याची भिस्त ठोक्यांच्या संख्येवर असते. पण म्हणून घरच्या घरी कोणतीही गोळी बंद करू नका.

टॅफॅमिडिस नावाचं औषध त्या प्रथिनाचे चार भाग एकत्र धरून ठेवतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३० महिन्यांत औषधाविना शंभरातले सुमारे ४३ रुग्ण दगावले, औषध घेणाऱ्यांत सुमारे ३०. ते महाग आहे, आणि आधी साचलेलं ते काढून टाकत नाही. त्यामुळे धाप कमी असतानाच ते सुरू झालं तर फायदा जास्त.

काकांची एक तपासणी अजून राहिली आहे, जनुकाची. दोष जनुकात नसेल तर हा केवळ वयाचा आजार. मुलांना काळजीचं कारण नाही. दोष निघाला तर मात्र काकांच्या मुलांनी आणि भावंडांनीही सल्ला घेऊन तपासणी करून घ्यायची.