काष्टा शब्दांत मावेना

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर एकाशेजारी एक चार चित्रं]

दिवाळी अंकासाठी एक चित्र करायचं होतं. खळ्यावर, संध्याकाळच्या उन्हात, वावडीवर उभी राहून सुपानं धान्य उफणणारी नऊवारीतली बाई. साधन होतं स्टेबल डिफ्युजन, वर्णनावरून किंवा फोटोवरून चित्र काढणारं एआय मॉडेल, 2022 साली आलेलं, माझ्याच संगणकावर चालणारं. पहिला प्रश्न नेहमीचाच: नुसतं वर्णन लिहून सुरुवात करायची, की हातात फोटो घेऊन?

आधी वर्णन लिहिलं. समोर आली ती चार चित्रं ही. ऊन सुंदर आहे, धुळीचे कण सोनेरी आहेत. पण चौघींनीही समोर निऱ्या घातलेली पाचवारी नेसलीय. नऊवारीचा काष्टा मागे खोचतात, पोटऱ्या दिसतात, म्हणून तर बाई वावडीवर पाय रोवून उभी राहू शकते. वर्णनात हे सगळं इंग्रजीत फोडून लिहिलं, तरी फरक पडला नाही. मॉडेलनं साडीची लाखो चित्रं पाहिलेली असतील, पण त्यांत काष्टा फार थोडा. जे फारसं पाहिलेलंच नाही, ते शब्दानं आठवणार कसं?

[दृश्य: फोनवर काढलेला फोटो, भर दुपारचं खळं]

मग गावी गेलो. शेजारच्या काकूंना विचारलं, चित्र कशासाठी हवंय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "काढ की, पण चेहरा नको दाखवू." म्हणून फोटो मागून, जरा तिरका घेतला. काष्टा त्यामुळे स्वच्छ दिसतो. फक्त वेळ दुपारची होती.

[दृश्य: पडद्यावर एक सरकपट्टी, नाव Denoising strength]

फोटोवरून चित्र करताना यंत्र आधी त्या फोटोवर विस्कळीत ठिपक्यांचा धुरळा टाकतं आणि मग तो धुरळा पायरी-पायरीनं निवळत नेतं. किती टाकायचा, ते या पट्टीवर ठरतं. आकडा 0.4 ठेवला आणि पायऱ्या 30 असल्या, तर शेवटच्या 12 पायऱ्याच चालतात. चित्राची मांडणी, उजेड कुठून येतो, अंधार कुठे, हे ठरतं सुरुवातीच्या पायऱ्यांत. त्या वगळल्या की मांडणी फोटोचीच राहते.

हे पाहा 0.4 चं चित्र. काष्टा जसाच्या तसा. आकाश नारिंगी झालंय, पण सावली बघा: वावडीच्या पायाशी आखूड, गोळा झालेली. डोक्यावरचं ऊन गेलंच नाही, त्याच्यावर नुसता रंग चढला. फोटो चित्राला जखडून ठेवतोय का, हे मी नेहमी सावलीवरून ओळखतो.

आणि हे 0.75 चं. आता सावली लांब पडली, संध्याकाळ खरी वाटते. पण निऱ्या परत समोर आल्या, सूप परातीसारखं गोल झालं. मधला आकडा शोधत मी दोन रात्री घालवल्या. उजेडाला हवा असलेला आकडा आणि काष्ट्याला हवा असलेला आकडा एकमेकांना भेटेचनात.

[दृश्य: त्याच फोटोचं करडं रूप, जवळचं उजळ, लांबचं काळं]

वाट सापडली ती 2023 मध्ये आलेल्या, स्टेबल डिफ्युजनला जोडता येणाऱ्या कंट्रोलनेटमुळे. त्यात फोटोचे रंग घ्यायचेच नाहीत, फक्त आकार घ्यायचा. आधी मी कडांच्या रेघा काढणारा प्रकार वापरला. तिथे दुपारच्या कडक सावलीचीही रेघ उमटली आणि लुगड्यावर नको तिथे घडी पडली. मग कोणती गोष्ट किती जवळ, किती लांब हे दाखवणारा खोलीचा नकाशा घेतला, हा करडा. यात सावली जवळजवळ येतच नाही. कोण पुढे, कोण मागे, एवढंच येतं. आता चित्र कोऱ्या धुरळ्यापासून, तिसाच्या तीस पायऱ्यांनी सुरू होतं. उजेड लिहिलेल्या वर्णनातून येतो, काष्टा फोटोतून. मात्र मूळ फोटोत काष्टा नीट दिसतच नसेल, तर हा नकाशाही तो आणू शकत नाही.

त्याच अंकातल्या दुसऱ्या कथेसाठी मी फोटो मुद्दाम घेतला नाही. पुराच्या रात्री दार लावून बसलेलं घर. तिथे कुठल्याच वस्तूचा आकार अडत नव्हता, आणि घर जवळून दाखवावं की लांबून, हेच माझं ठरलं नव्हतं. फोटो घेतला असता तर तो कोन त्याच क्षणी पक्का झाला असता. नुसत्या वर्णनावर आठ चित्रं काढली. त्यातलं एक, खिडकीत मिणमिणता दिवा असलेलं, निवडलं आणि पुढच्या कामाला तेच आधाराचं चित्र म्हणून वापरलं.

[दृश्य: उफणणीचं पूर्ण झालेलं चित्र, काकूंच्या हातात छापील प्रत]

खळ्याचं चित्र काकूंना नेऊन दाखवलं. लुगडं त्यांना पटलं. सूप पटलं. मग बोट ठेवून म्हणाल्या, "भुसा तिच्या अंगावर येतोय रे. वाऱ्याला पाठ देऊन उभं राहायचं असतं."

फोटो काढला तेव्हा वारा पडलेला होता, आणि वर्णनात मी वाऱ्याची दिशा लिहिलीच नव्हती. घरी येऊन तेवढा भाग निवडला, भुसा तिच्यापासून पुढे लांब उडतोय असं लिहिलं आणि तेवढाच तुकडा पुन्हा काढला.