गिऱ्हाईक काय विचारतं, ते वर्णनात आहे का?

नमस्कार श्रोतेहो. ऑनलाइन माल विकणाऱ्यांशी आज बोलायचं आहे ते वस्तूखालच्या वर्णनाबद्दल. उदाहरणाला बिडाचा डोशाचा तवा घेऊ. त्याचं वर्णन बहुतेक ठिकाणी असंच असतं: ‘उत्तम दर्जाचा, टिकाऊ, आरोग्यदायी तवा, १२ इंच.’ यातला ‘१२ इंच’ सोडला, तर गिऱ्हाइकाच्या मनातल्या एकाही शंकेला इथे उत्तर नाही.

त्या शंका शोधायला फार लांब जावं लागत नाही. तुमच्या तव्याखालचे प्रश्न, रिव्ह्यू, माल परत करताना दिलेली कारणं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली विचारणा एका वहीत किंवा शीटमध्ये उतरवून काढा. माल नवा असेल, तर तसाच तवा विकणाऱ्या इतरांच्या पानावरचे प्रश्न वाचा. पाच तारेवाल्या रिव्ह्यूत बहुधा ‘छान आहे’ एवढंच असतं. दोन आणि तीन तारेवाले सावकाश वाचा. वस्तू ठेवून घेतली, पण काहीतरी खटकलं, अशी ही माणसं असतात आणि काय खटकलं ते नीट लिहितात.

उतरवताना वाक्य गिऱ्हाइकाचंच ठेवा, सुधारू नका. एक म्हणतं ‘कपड्याला काळं लागतं’, दुसरं म्हणतं ‘रंग जातो’, तिसरं विचारतं ‘केमिकलचं कोटिंग आहे का?’ शब्द वेगळे असले तरी शंका एकच आहे: हे काळं पोटात गेलं तर? म्हणून मोजायची ती शंका, शब्द नव्हे. एकाच माणसाने तीनदा लिहिलं असेल, तर एकदाच धरा. आणखी एक गोष्ट पाहा. १० इंची आणि १२ इंची तवा एकाच पानावर असेल, तर दोन्हींचे रिव्ह्यू एकत्र दिसतात. ‘फार लहान आहे’ ही तक्रार कुठल्या मापाची, हे पाहिल्याशिवाय धरू नका.

समजा, अशा साठ नोंदी जमल्या. त्यात अठरा काळ्या थराच्या, चौदा गंजाच्या, अकरा ‘इंडक्शनवर चालेल का’ अशा, नऊ वजनाच्या आणि पाच तवा तडकलेला आल्याच्या. उरलेल्या तीन किरकोळ, त्या सोडून द्या. तडकलेल्या पाच नोंदी वर्णनात घालायच्या नाहीत. बीड ठिसूळ असतं, आपटलं की तडकतं. तिथे खोक्यातलं पॅकिंग बदलायला हवं. शब्दांनी तो दोष झाकला, तर परत येणारा माल कमी होणार नाही.

आता उत्तरं. लिहिण्याआधी तीन-चार तवे काट्यावर ठेवा, कारण ओतीव मालात नगागणिक थोडा फरक पडतो. टेपने वरचा काठ आणि खालचा सपाट तळ वेगवेगळा मोजा. इंडक्शनवाल्याला तळाचंच माप हवं असतं. मग नवं वर्णन साधारण असं होईल:

‘तव्यावरचा काळा थर खाद्यतेल तापवून बसवलेला आहे, रंग किंवा नॉनस्टिक कोटिंग नाही. पहिल्या काही वापरांत कपड्याला थोडं काळं लागेल, ते त्याच तेलाच्या थराचं असतं. ओला ठेवला तर गंज येतो: धुऊन लगेच पुसा, मंद आचेवर कोरडा करा, तेलाचे दोन थेंब चोळा. गंज आलाच तर घासणीने घासून हेच पुन्हा करा. गॅस आणि इंडक्शन दोन्हींवर चालतो. इंडक्शनवर आच हळूहळू वाढवा. काठ ३० सेंटिमीटर, सपाट तळ २५. वजन २ किलो ६०० ते २ किलो ८०० ग्रॅम, दोन्ही हातांनी उचलावा लागतो.’

आकडे मात्र तुमच्या काट्यावरचे आणि टेपवरचे घाला, माझे नव्हेत. थर कशाचा, हेही तवा बनवणाऱ्याला विचारून पक्कं करा. ‘गंज येतो’ असं लिहायला हात अडखळतो, पण वाचून घेतलेलं गिऱ्हाईक पहिल्या लाल डागाला तवा परत पाठवत नाही.

सगळ्यात जास्त आलेली शंका पहिल्या दोन ओळींत हवी, कारण मोबाइलवर बाकीचं वर्णन बहुधा मिटलेलं असतं. वजनाचा आकडा फोटोवरही द्या, तवा काट्यावर ठेवलेलाच फोटो.

नवं वर्णन चढवल्याची तारीख वहीत लिहा आणि महिन्याभराने त्या तारखेनंतरचेच प्रश्न मोजा. ‘इंडक्शनवर चालेल का?’ अजूनही येत असेल, तर उत्तर खाली दडलंय. ते वर घ्या किंवा शीर्षकातच टाका. ‘काळं लागतं’ हे प्रश्नांत थांबलं पण रिव्ह्यूत चालू असेल, तर त्या गिऱ्हाइकाने वर्णन वाचलेलंच नाही. त्याच्यासाठी तीच दोन वाक्यं चिठ्ठीवर छापा आणि खोक्यात तव्याच्या वर ठेवा.