स्टिकरवरचे आठ आकडे

[दृश्य: टीव्हीच्या कपाटावरचा राऊटर उचलून उलटा केला जातो. तळाच्या स्टिकरवर कॅमेरा स्थिरावतो.]

निवेदन:
केबलवाला राऊटर लावून जातो, पासवर्ड सांगतो, घरातले सगळे तो आपापल्या फोनमध्ये टाकतात. मग कोणी राऊटर उलटा करून बघत नाही. जाळीवर धूळ साचली की पुसण्यापुरता हात लागतो, तेवढाच.

या तळाशी एक स्टिकर आहे. त्यावर नेटवर्कचं नाव, पासवर्ड आणि खाली बारीक अक्षरात ही ओळ: `WPS PIN: 46271938`. हा आकडा आम्ही चित्रीकरणासाठी बनवलाय. तुमच्या राऊटरवर वेगळा असेल. पण तो आठ आकड्यांचाच असेल, आणि आजची गोष्ट त्या आठ आकड्यांचीच आहे.

[दृश्य: राऊटरच्या मागच्या बाजूचं छोटं बटण. बाजूला प्रिंटर.]

निवेदन:
डब्ल्यूपीएसची सोय आली 2006-07च्या सुमारास. प्रिंटरला कीबोर्ड नसतो, त्यावर लांबलचक पासवर्ड कसा टाकणार? म्हणून राऊटरवरचं बटण दाबायचं, दोन मिनिटांच्या आत प्रिंटरवरचं दाबायचं, की जोडणी झाली. दुसरा मार्ग पिनचा. समोरच्या यंत्राने बरोबर पिन सांगितला की राऊटर स्वतःहून वायफायचा पासवर्ड त्याच्या हाती देतो.

बटणाला निदान कोणीतरी घरात येऊन हात लावावा लागतो. पिनला तसं काही नाही. खालच्या मजल्यावरून, जिन्यातून, पार्किंगमध्ये उभ्या गाडीतूनही तो लावून बघता येतो.

[दृश्य: कागदावर पेनाने लिहिलेला आकडा, 46271938.]

निवेदन:
आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता. पण यातला शेवटचा आकडा, हा 8, मोकळा नाही. तो आधीच्या सातांवरून ठरतो. पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा आकडा तिप्पट करा, बाकीचे तीन तसेच मिळवा. बारा आणि सहा अठरा, त्यात सहा चोवीस, सात एकतीस, तीन चौतीस, नऊ त्रेचाळीस आणि नऊ बावन्न. पुढच्या पूर्ण दशकाला, म्हणजे साठला, आठ कमी. म्हणून शेवटी 8. दहा कोटींचे झाले एक कोटी. तरी पुष्कळ आहेत.

खरी चूक पुढे आहे. डिसेंबर 2011मध्ये श्टेफान फीब्योक या संशोधकाने ती जाहीर केली. राऊटर हा पिन अख्खा तपासत नाही. आधी पहिले चार आकडे तपासतो, आणि ते चुकले तर तिथेच नाही म्हणतो.

[दृश्य: कागदाची घडी. एका बाजूला 4627, दुसऱ्या बाजूला 1938.]

निवेदन:
म्हणजे कुलूपच तुम्हाला सांगतंय, की अर्धी किल्ली बसली, आता उरलेली बघा. पहिल्या अर्ध्याच्या शक्यता दहा हजार. दुसऱ्या अर्ध्यातला शेवटचा आकडा आपण आत्ताच हिशोबाने काढला, तेव्हा तिथे उरले तीन आकडे, म्हणजे एक हजार. बेरीज अकरा हजार. कुठे दहा कोटी!

आपल्या पिनसाठी कोणी 0000पासून सुरुवात केली, तर 4627पर्यंत पोचून पुढे 193 गाठेपर्यंत सुमारे 4,800 प्रयत्न होतात. एका प्रयत्नाला तीन सेकंद धरली, तर चार तास. रात्री जेवून सुरू केलं की पहाटेच्या आधी काम झालेलं. हे आपोआप करणारं रीव्हर नावाचं साधन त्याच सुमारास मोफत मिळू लागलं.

कंपन्यांनी मग काही चुकीचे पिन आले की राऊटर थोडा वेळ पिन घेणंच थांबवेल, अशी सोय केली. त्याने वेळ वाढला. पण 2014मध्ये डॉमिनिक बोंगार यांनी दाखवलं, की काही चिप या देवाणघेवाणीतल्या गुप्त संख्या अगदीच अंदाज करण्याजोग्या निवडतात. अशा राऊटरशी एकदाच बोलायचं, बाकीचं गणित आपल्या लॅपटॉपवर. चुकीचे पिन पाठवायचेच नाहीत, तर राऊटर थांबवणार कोणाला?

[दृश्य: फोनवर वायफायचा पासवर्ड बदलणारा हात.]

निवेदन:
पासवर्ड बदलला की झालं, असं वाटतं. नाही होत. पिन तोच राहतो, आणि पिनवाल्याला राऊटर नवा पासवर्डही देऊन टाकतो.

राऊटरच्या सेटिंगमध्ये आणखी एक यादी असते, सुरक्षेच्या प्रकारांची. आता ती बघू. डब्ल्यूईपी 1997चं. 2001मध्येच त्याचं गणित फुटलं, आज ते मिनिटांत उघडतं. त्यानंतरचा डब्ल्यूपीए, टीकेआयपीवाला, हा जुन्याच यंत्रांवर चालावा म्हणून 2003मध्ये केलेला तात्पुरता जुगाड होता. तो निवडलेला असेल तर वेगावरूनही ओळखू येतं. नवा राऊटर असूनही जोडणी 54 एमबीपीएसच्या वर जात नाही.

2004चा डब्ल्यूपीए-टू, एईएससह, अजून चांगला आहे. त्याची मोठी मर्यादा ही. तुमचा फोन जोडला जाताना होणारी देवाणघेवाण हवेतून टिपून ठेवता येते, आणि पासवर्डाचे अंदाज नंतर घरी बसून लावता येतात. आपल्याकडे पासवर्ड काय असतो? पुष्कळ घरांत मोबाईल नंबर. 6, 7, 8 किंवा 9ने सुरू होणारे दहा आकडे, म्हणजे 400 कोटी शक्यता. सेकंदाला पाच लाख अंदाज लावणाऱ्या ग्राफिक कार्डाला सगळे तपासायला सव्वादोन तास लागतात.

2018च्या डब्ल्यूपीए-थ्रीमध्ये ही पळवाट बुजवली. तिथे प्रत्येक अंदाज राऊटरला विचारूनच तपासावा लागतो. अडचण जुन्या यंत्रांची. सहा-सात वर्षांपूर्वीचा स्मार्ट प्लग किंवा टीव्ही त्याला ओळखतच नाही. म्हणून मिश्र प्रकार, `WPA2/WPA3`, आणि लांब पासवर्ड. चार-पाच मराठी शब्द रोमन अक्षरांत, एकमेकांशी संबंध नसलेले. मिश्र प्रकारात काही जोडलं जात नसेल, तर `WPA2-PSK [AES]`वर या. त्याखाली उतरू नका.

[दृश्य: लॅपटॉपचा ब्राउझर. पत्त्याच्या जागी `192.168.1.1`.]

निवेदन:
हा पत्ता काही राऊटरवर `192.168.0.1` असतो. आत शिरायचा पासवर्ड वायफायचा नव्हे, राऊटरचा. तोही बहुधा स्टिकरवरच असतो. आत वायरलेसच्या पानावर `WPS` शोधायचं आणि `Disable` करून सेव्ह करायचं. काही राऊटरवर नुसता पिन बंद करण्याची वेगळी खूण असते. बटण रोज लागत नसेल, तर दोन्ही बंद केलेले बरे.

सेव्ह झालं म्हणजे बंद झालं, यावर मात्र विश्वास ठेवायचा नाही. सुरुवातीच्या काळात काही राऊटरवर ही खूण काढली तरी पिन आतून चालूच राहायचा. राऊटर स्वतःबद्दल हवेत काय ओरडतोय, ते ऐकून खात्री करायची. अँड्रॉइडवरची बरीच वायफाय अ‍ॅनलायझर अ‍ॅप ते दाखवतात.

[दृश्य: फोनचा पडदा. घरच्या नेटवर्कच्या दोन ओळी.]

```
2.4 GHz  [WPA2-PSK-CCMP][ESS]
5 GHz    [WPA2-PSK-CCMP][ESS][WPS]
```

निवेदन:
बघा. 2.4च्या ओळीतून `[WPS]` गेलं, 5च्या ओळीत तसंच आहे. या राऊटरवर दोन्ही बँडची पानं वेगळी आहेत, आणि आम्ही एकच बंद केलं होतं. पुन्हा आत जाऊन दुसरं बंद केलं, राऊटर बंद करून चालू केला. आता दोन्ही ओळी स्वच्छ आहेत.

जुना प्रिंटर मात्र चालूच राहिला, कारण पासवर्ड त्याच्याकडे आधीच होता. पण आम्ही लगेच तो पासवर्डही बदलला, तेव्हा त्याच्या छोट्या पडद्यावर नवा टाकायची वेळ आली. एकेक अक्षर, बाणाच्या बटणांनी. सात मिनिटं लागली.